सरलेली वर्षे आणि लागलेली वर्षे

गोंदिया शहराला लागूनच असलेल्या नागऱ्यात जुने शिवमंदिर आहे. त्याचे वय विचारले की कोणी ‘हेमाडपंती’ म्हणते, कोणी हजार वर्षे सांगते, कोणी त्याहूनही मागे जाते. या भागाच्या इतिहासाची जुळवाजुळव करू लागले की पुढ्यात अनेक तऱ्हांचे सन येतात. शिलालेखात शके असतो, सीमेपलीकडे बालाघाटकडच्या पंचांगात विक्रम संवत असतो, उत्खननाच्या अहवालात इ.स.पू. असते आणि अलीकडच्या पुस्तकांत ‘सामान्य युग’ किंवा ‘सामान्य युगपूर्व’. जुन्या अहवालात नागरा भंडारा जिल्ह्यात सापडेल, कारण गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. जिल्ह्याची ती दुरुस्ती सहज लक्षात येते. सनांच्या जोडणीत शिरलेली एका वर्षाची चूक मात्र कोणाच्या डोळ्यांना खुपत नाही आणि एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत राहते. ही पुस्तिका त्या एका वर्षाबद्दल आहे.

आधी नावांचा प्रश्न मिटवू. इसवी सन आणि सामान्य युग या दोन वेगळ्या कालगणना नाहीत. इ.स. ४५८ आणि सामान्य युगाचे ४५८ हे एकच वर्ष. इ.स.पू. २५० आणि सामान्य युगपूर्व २५० हेही एकच. आकडा तोच राहतो, पाटी तेवढी बदलते. ही पाटी आजकालची नाही. योहानेस केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने १६१५ मध्येच ‘आपल्या सर्वसामान्य गणनेचे वर्ष’ अशा अर्थाचा लॅटिन शब्दप्रयोग केला होता. ज्या गणनेने आता सगळ्या धर्मांची, सगळ्या देशांची माणसे व्यवहार करतात तिला एका धर्माच्या श्रद्धेचे नाव नसावे, हा त्यामागचा आजचा विचार. मला तो पटतो, आणि त्याला ऐतिहासिक आधारही आहे.

तो आधार असा. ही गणना सुरू केली रोममध्ये राहणाऱ्या डायोनिसियस एक्सिगुअस या ख्रिस्ती साधूने, इ.स. ५२५ मध्ये. ईस्टरच्या तारखांचे कोष्टक करणे हे त्याचे काम होते. तोवर अशा कोष्टकांत रोमन सम्राट डायोक्लेशियन याच्या राज्यारोहणापासूनची वर्षे मोजत. या सम्राटाने ख्रिस्ती लोकांचा छळ केला होता. त्याची आठवण कोष्टकात कशाला ठेवायची, म्हणून डायोनिसियसने ख्रिस्तजन्मापासूनची वर्षे लिहिली. पण जन्माचे वर्ष ठरवताना त्याचा हिशेब चुकला. ज्या हेरोद राजाच्या काळात ख्रिस्त जन्मला असे बायबल सांगते, तो राजा इ.स.पू. ४ मध्ये वारला असे बहुतेक इतिहासकार मानतात. म्हणजे ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व चौथ्या वर्षी किंवा त्याआधी झाला, असे चमत्कारिक वाक्य लिहायची पाळी येते. इसवी सनाचा आरंभ हा कोणत्याही घटनेचा नेमका दिवस नसून सर्वांनी मान्य केलेली एक खूण आहे. तिला ‘सामान्य’ म्हणणे म्हणूनच वस्तुस्थितीला धरून आहे.

आता मूळ प्रश्न. इ.स.पू. १ संपले की लगेच इ.स. १ सुरू होते. ३१ डिसेंबर इ.स.पू. १ च्या दुसऱ्या दिवशी १ जानेवारी इ.स. १. मध्ये शून्य नावाचे वर्ष नाही. का नाही?

याचे उत्तर मराठी वाचकाला रोमपर्यंत न जाता रायगडावरच मिळते. ६ जून १६७४ रोजी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्या दिवसापासून राज्याभिषेक शक सुरू झाला. त्यानंतरच्या पत्रांवर ‘राज्याभिषेक शके १’ असे पडू लागले. तेव्हा राज्याभिषेकाला वर्ष झालेले नव्हते, अगदी काही आठवड्यांनंतरचे पत्र असले तरी त्यावर १ च. कारण हा आकडा किती वर्षे झाली ते सांगत नाही, कितवे वर्ष चालू आहे ते सांगतो. घरात मूल जन्मले की आपण त्याला पहिले वर्ष चालू आहे म्हणतो. त्याचे ‘शून्यावे वर्ष’ कोणी म्हणत नाही. पुढे ‘पाचवे लागले’ आणि ‘पाच पूर्ण झाली’ यांत वर्षभराचे अंतर आहे हे सांगावे लागत नाही. जून २०२३ मध्ये शिवराज्याभिषेकाचे ३५० वे वर्ष लागले म्हणून रायगडावर मोठा सोहळा झाला, तेव्हा वजाबाकी करणाऱ्या कित्येकांना ३४९ च येत होते. दोन्ही बरोबर होते. ३४९ सरली होती, ३५० वे लागले होते.

आता याच शकाने मागे जाऊन पाहा. राज्याभिषेकाच्या आधीचे वर्ष, म्हणजे जून १६७३ ते जून १६७४, याला काय म्हणाल? राज्याभिषेकापूर्वीचे पहिले वर्ष. त्याआधीचे दुसरे. असे मोजत गेले की जून १६६९ ते जून १६७० हे राज्याभिषेकापूर्वीचे पाचवे वर्ष ठरते. ४ फेब्रुवारी १६७० ला तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला तो या पाचव्या वर्षात. महाराजांचे निधन ३ एप्रिल १६८० ला झाले. ते राज्याभिषेक शकाचे सहावे वर्ष, कारण पहिले जून १६७४ ला लागले आणि सहावे जून १६७९ ला. सिंहगड ते महाराजांचे निधन किती वर्षे? पूर्वीची ५ आणि नंतरची ६ मिळवली तर ११ होतात. प्रत्यक्षात १६७० च्या फेब्रुवारीपासून १६८० च्या एप्रिलपर्यंत १० वर्षे आणि दोन महिने आहेत. बेरजेतून एक वजा करायचे, म्हणजे उत्तर बरोबर येते. सीमेच्या अलीकडे पहिले आणि पलीकडेही पहिले, दोन पहिली वर्षे एकमेकांना खेटून उभी आहेत आणि मध्ये शून्य नाही, म्हणून हे एक जास्तीचे येते.

इसवी सनाचे नेमके हेच आहे. डायोनिसियस जे मोजत होता ती ‘अमुकावे वर्ष’ अशी लागलेली वर्षे होती. ख्रिस्तजन्मापूर्वीचे वर्ष मागे मोजून सांगण्याची रीत त्याच्या नंतर आली. इंग्लंडमधल्या बीड नावाच्या साधूने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासात ज्युलियस सीझरची ब्रिटनवरची स्वारी ख्रिस्तजन्मापूर्वीच्या साठाव्या वर्षी झाल्याचे लिहिले. त्यानेही दोन्ही बाजूंना पहिल्यापासूनच सुरुवात केली, आणि तीच पद्धत कायम झाली.

यावर नेहमी एक उत्तर ऐकायला मिळते. युरोपला शून्य माहीत नव्हते आणि भारताला माहीत होते, म्हणून इसवी सनात शून्य वर्ष नाही. हे अर्धेच खरे आहे. आकडा म्हणून शून्य तेव्हा युरोपात वापरात नव्हते हे बरोबर. पण डायोनिसियसच्याच कोष्टकात, चंद्राच्या वयाच्या रकान्यात, काहीच उरत नाही तिथे ‘नुल्ला’, म्हणजे ‘काही नाही’, असा शब्द लिहिलेला आहे. रिकाम्या जागेची कल्पना त्याला होती. वर्षांच्या रकान्यात ती वापरायचे कारण नव्हते, कारण कितवे वर्ष हे सांगताना शून्याची गरजच पडत नाही. सतराव्या शतकात रायगडावर शून्य सगळ्यांना ठाऊक होते, तरी राज्याभिषेक शक एकपासूनच सुरू झाला. म्हणून शून्याच्या ज्ञानाचा अभिमान या ठिकाणी आणू नये असे मला वाटते. आपण अभिमान बाळगण्याजोगी गोष्ट वेगळी आहे, आणि तिची ओळख पंचांगातल्या एका आकड्याने होते.

तो आकडा ३१७९. गतकली काढायचा असेल तर शालिवाहन शकात ३१७९ मिळवायचे. शके १९४७ असेल तर गतकली ५१२६. ‘गत’ या शब्दावर सगळे अवलंबून आहे. आपल्या ज्योतिषींनी कलियुगाची आणि शकाची वर्षे मोजली ती सरलेली. पहिले वर्ष चालू असताना सरलेली वर्षे शून्य असतात. तेव्हा या पद्धतीत शून्य वर्ष आपोआप बसलेले आहे, ते कोणाला मुद्दाम घालावे लागले नाही. गणिताला हीच पद्धत सोयीची, कारण ग्रहांची स्थिती काढताना किती दिवस उलटले हे हवे असते, कितवे वर्ष चालू आहे हे नव्हे.

कलियुगाचा आरंभ इ.स.पू. ३१०२ च्या १८ फेब्रुवारीचा मानतात, आणि शकाचा आरंभ इ.स. ७८. साध्या बेरजेने ३१०२ आणि ७८ मिळून ३१८० येतात. आपले ज्योतिषी मात्र ३१७९ म्हणतात, आणि तेच बरोबर आहे. वर सिंहगडाच्या हिशेबात जे एक वजा केले तेच इथेही वजा होते. शून्यासह गणिताचे नियम मांडणाऱ्या ब्रह्मगुप्ताने आपल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात हा ३१७९ दिला आहे. त्या ग्रंथाचा काळ शके ५५०, म्हणजे इ.स. ६२८. त्याने तो इसवी सनाच्या मदतीने काढलेला नाही, इसवी सन त्याच्या कानावर असण्याचे कारणही नव्हते. त्यामुळे हा आकडा इसवी सनाच्या सांध्यावर स्वतंत्र साक्षीदारासारखा उपयोगी पडतो.

ही साक्ष दगडावरही कोरलेली आहे. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या काळातला ऐहोळेचा शिलालेख मराठी वाचकाला परका नसावा. पुलकेशी नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाला, असे त्यात म्हटले आहे. मेगुती टेकडीवरच्या जैन मंदिराच्या भिंतीवर कवी रविकीर्तीने हा लेख कोरवला आणि त्यात काळ दोन प्रकारे सांगितला. भारतयुद्धापासून ३७३५ वर्षे गेली आणि शक राजांची ५५६ वर्षे गेली. दोन्हीकडे ‘गेली’ आहे. शके ५५६ मध्ये ७८ मिळवले की इ.स. ६३४ येते. आता ३७३५ मधून ३१०२ वजा करून पाहा, ६३३ येईल. एका वर्षाचा फरक पडला. ३१०१ वजा केले तर ६३४ येते आणि दोन्ही आकडे जुळतात. लेख चुकलेला नाही, रविकीर्तीही चुकलेला नाही. चूक वजाबाकी करणाऱ्याची होती, कारण इ.स.पू. मधून इ.स. मध्ये येताना नसलेले शून्य वर्ष त्याने धरले.

या अडचणीवर खगोलशास्त्रज्ञांनी एक तोडगा काढला आहे. पॅरिसच्या वेधशाळेतल्या जाक कॅसिनीने १७४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत इ.स.पू. १ ला शून्य म्हटले. त्यानुसार इ.स.पू. २ म्हणजे उणे १, आणि कलियुगारंभाचे इ.स.पू. ३१०२ म्हणजे उणे ३१०१. आज संगणकांत तारखा लिहिण्याचा जो आंतरराष्ट्रीय नियम आहे त्यातही 0000 हे वर्ष आहे आणि ते इ.स.पू. १ च आहे. इतिहासाच्या पुस्तकांत शून्य नाही आणि ग्रहणांच्या कोष्टकांत आहे, हे ध्यानात ठेवले की पुरे. ग्रहणाच्या यादीत ‘-500’ दिसले तर ते इ.स.पू. ५०१ आहे, ५०० नव्हे. वजा चिन्ह आणि ‘पूर्व’ हा शब्द समान समजणे ही या विषयातली सर्वांत नेहमीची चूक.

आता नागऱ्याकडे येऊ. शकाचे इसवी सन करताना ७८ मिळवायचे हे बहुतेकांना पाठ असते. ज्ञानेश्वरीचा शके १२१२ म्हणजे इ.स. १२९०, शिवराज्याभिषेकाचा शके १५९६ म्हणजे १६७४, हे आपण शाळेत शिकतो. पण शकाचे वर्ष पाडव्याला बदलते आणि इसवी सनाचे १ जानेवारीला. म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. शिवमंदिराच्या गावाला हे विशेष लागू पडते, कारण महाशिवरात्र नेमकी याच दिवसांत येते. २६ फेब्रुवारी २०२५ ची महाशिवरात्र शके १९४६ ची होती. १९४६ आणि ७८ मिळवले तर २०२४ येईल आणि वर्षाची चूक होईल. आणखी एक गोष्ट इथे घडते. तोच दिवस आपल्या पंचांगात माघ वद्य चतुर्दशी असतो आणि उत्तरेकडच्या पंचांगात फाल्गुन कृष्ण चतुर्दशी, कारण तिकडे महिना पौर्णिमेला संपतो. बालाघाटकडच्या कागदात फाल्गुन दिसला आणि गोंदियाकडच्या कागदात माघ, म्हणून दोन निरनिराळे दिवस समजू नयेत.

शिलालेखात शके दिला असला तरी तो गत की वर्तमान हे पाहावे लागते, कारण क्वचित लागलेले वर्षही लिहीत. विदर्भातले याचे महत्त्वाचे उदाहरण वाशिमजवळच्या हिस्सेबोराळा येथील आहे. वाकाटक राजांचे लेख सहसा आपल्या राज्यवर्षांत काळ देतात, आणि त्यामुळे त्यांची सनावळी ठरवणे अवघड जाते. देवसेनाच्या काळातल्या या लेखात मात्र शके ३८० मिळाला. तो गत धरला तर इ.स. ४५८–५९ येते, वर्तमान धरला तर ४५७–५८. पुस्तकांत दोन्ही आकडे दिसतात ते या कारणाने. वाचकाने त्यातला एक चुकीचा छापला गेला असे समजू नये.

गत की वर्तमान हे ठरवायचे कसे? लेखात तिथीबरोबर वार दिला असेल तर ते शक्य होते. बारा चांद्रमासांचे वर्ष ३५४ दिवसांचे, म्हणजे ५० आठवडे आणि वर ४ दिवस. त्यामुळे यंदा एखादी तिथी सोमवारी आली तर पुढच्या वर्षी ती साधारण शुक्रवारी येते. अधिक मास मध्ये पडला तर ३८४ दिवस होतात आणि वार साधारण सहाने सरकतो. दोन्ही रीतींनी वार बदलतोच, म्हणून वर्ष एकाने चुकले की वार जुळत नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी हे गणित करून मोठा प्रश्न सोडवायला मदत केली होती. मध्य प्रदेशातल्या एरणच्या लेखात गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असा उल्लेख आहे. दीक्षितांनी त्याची तारीख २१ जून ४८४ काढून दिली आणि शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी १८८८ च्या आपल्या ग्रंथात गुप्त संवताच्या आरंभासाठी तिचा आधार घेतला. लेखात वारच नसेल तर हा मार्ग बंद होतो. तेव्हा प्रामाणिकपणे दोन्ही वर्षे लिहावीत.

एवढी काटेकोर तपासणी सगळीकडे लागत नाही, हेही सांगायला हवे. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे स्तूप इसवी सनापूर्वीच्या शतकांत आरंभ झालेले मानतात. हे अंदाज खापरांवरून, अक्षरांच्या वळणावरून, नाण्यांवरून केलेले असतात आणि त्यांत पन्नास-शंभर वर्षांची ढिलाई असते. तिथे शून्य वर्षाचा वाद घालण्यात अर्थ नाही. हेमाडपंती या शब्दाचेही असेच. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री, पण त्याच्या नावाने ओळखली जाणारी बांधणी त्याच्या आधीपासून होती. त्यामुळे नुसत्या त्या शब्दावरून नागऱ्याच्या मंदिराचे वर्ष निघत नाही. शतकाचा अंदाज असेल तर शतकच लिहावे. तेही लिहिताना तेरावे शतक म्हणजे १२०१ ते १३०० आणि इ.स.पू. तिसरे शतक म्हणजे ३०० ते २०१, हे लक्षात असावे. पहिले शतक १ पासून सुरू झाले, म्हणून इसवी सनाच्या शतकाचे शेवटचे वर्ष दर वेळी शंभराने भाग जाणारे येते. एकविसावे शतकही त्याच न्यायाने १ जानेवारी २००१ ला लागले.

या पुस्तिकेतली कोष्टके वापरणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. गावातल्या एखाद्या लेखाची, ताम्रपटाची किंवा जुन्या दस्ताची नोंद करताना मूळ कागदावर किंवा दगडावर जो सन, जी तिथी आणि जो वार आहे तो आधी जसाच्या तसा उतरवून घ्या, आणि इसवी सनाचे रूपांतर त्याच्या शेजारी वेगळे लिहा. रूपांतर चुकले तर ते नंतर कोणीही दुरुस्त करू शकेल, पण मूळ आकडा उतरवला नसेल आणि दगड झिजला तर दुरुस्तीला काहीच उरणार नाही.